दोन एसी करंटची बेरीज फेजरने कशी करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी उदाहरण ठरवून घेऊ, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला नवीन आकडे नकोत. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा सिंगल फेज सप्लाय आहे, त्यावर दोन लोड पॅरलल जोडलेत. एक हीटर, तो ६ ॲम्पियर घेतो. दुसरी कमी लोडवर चालणारी मोटर, ती ८ ॲम्पियर घेते आणि तिचा करंट व्होल्टेजच्या ६०° मागे आहे, म्हणजे लॅगिंग. हे सगळे आरएमएस आकडे आहेत, मीटरवर दिसतात तेच. मध्ये एकदोन ठिकाणी वेगळे आकडे घेतलेत, तिथे तसं सांगितलंय.

हीटरच्या वायरवर क्लॅम्पमीटर ६ दाखवतो, मोटरच्या वायरवर ८, मग मेन वायरवर १४ का येत नाही? १२.२ च का?

कारण दोघांचे पीक एकाच वेळी येत नाहीत. मीटर जो आकडा दाखवतो तो फक्त करंट किती मोठा आहे ते सांगतो, तो कधी मोठा होतो हे त्या आकड्यात कुठेच नसतं. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदाची, म्हणजे ६०° म्हणजे त्याचा सहावा भाग, साधारण ३.३३ मिलिसेकंद. हीटरचा करंट पीकला पोचतो तेव्हा मोटरचा करंट अजून वर चढतोय, आणि मोटरचा पीकला पोचेपर्यंत हीटरचा उतरायला लागलेला असतो.

आकडे टाकून बघा. हीटरचा पीक ६ गुणिले १.४१४ म्हणजे ८.४९, मोटरचा ११.३१. दोघांचे पीक एकदम आले असते तर मेनमध्ये १९.८ चा पीक दिसला असता. पण हीटर ८.४९ वर असताना मोटर फक्त ५.६६ वर असते, बेरीज १४.१४. मोटर ११.३१ वर असताना हीटर ४.२४ वर आलेला असतो, बेरीज १५.५६. सगळ्यात मोठी बेरीज या दोघांच्या मधे कुठेतरी होते, तिथे हीटर ६.९७ आणि मोटर १०.२३, एकूण १७.२. याला १.४१४ ने भागा, १२.१७ येतं, आणि मीटर तेच दाखवतोय.

म्हणजे किरचॉफचा नियम कुठेही मोडलेला नाही, प्रत्येक क्षणाला मेनचा करंट हा दोन ब्रांचच्या करंटची साधी बेरीजच असतो. आरएमएस आकड्यांची मात्र साधी बेरीज चालत नाही. "उरलेले १.८ ॲम्पियर गेले कुठे" असं विचारणारे खूप असतात, ते कुठेच गेले नाहीत कारण ते कधी नव्हतेच.

फेजर म्हणजे नेमकं काय, वेक्टरच ना?

काढायला आणि बेरीज करायला वेक्टरसारखाच, पण त्याची दिशा म्हणजे जागेतली दिशा नाही. करंट वायरमधूनच वाहतो, तो काही ६०° वाकडा वाहत नाही. फेजरचा कोन म्हणजे वेळेतला फरक, कोनाच्या भाषेत मांडलेला.

मूळ कल्पना अशी की एक बाण एका टोकाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरतोय, ५० हर्ट्झ असेल तर सेकंदाला ५० फेरे, आणि त्याच्या टोकाची उंची बघत राहिलं की साइन वेव्ह मिळते. दोन करंटचे दोन बाण. फ्रीक्वेन्सी सारखी असल्यामुळे दोघं एकाच स्पीडने फिरतात आणि त्यांच्यातला कोन कायम तोच राहतो. मग सारखं फिरवत कशाला बसायचं, एका क्षणाला थांबवून फोटो काढला तरी सगळी माहिती त्यात असते. तो फोटो म्हणजे फेजर डायग्राम.

उंची बघायची तर बाणाची लांबी पीकएवढी धरावी लागते, पण नुसती बेरीज करायची तर आरएमएस लांबी धरली तरी चालतं, कारण सगळ्याच लांब्या १.४१४ ने लहान होतात. फक्त एक आरएमएस आणि एक पीक असं मिसळू नका. प्रश्नात एक करंट `8 sin(ωt − 60°)` असा दिला असेल तर त्यातला ८ हा पीक आहे, आणि दुसऱ्याला "मीटरवर ६" म्हटलं असेल तर तो आरएमएस. असा सापळा मुद्दाम लावतात.

बरं, मग बेरीज करायची कशी? स्टेप बाय स्टेप सांगा.

प्रत्येक बाणाचे दोन तुकडे करायचे, एक आडवा एक उभा. आडव्यात आडवा मिळवायचा, उभ्यात उभा, आणि शेवटी पायथागोरसने परत एक बाण करायचा. आडवा तुकडा म्हणजे लांबी गुणिले कोस, उभा म्हणजे लांबी गुणिले साइन. लॅगिंग असेल तर कोन मायनस.

```
I1 = 6∠0°     आडवा: 6              उभा: 0
I2 = 8∠−60°   आडवा: 8 × 0.5 = 4    उभा: −8 × 0.866 = −6.93
बेरीज          आडवा: 10             उभा: −6.93

I = √(10² + 6.93²) = √148 = 12.17 A
φ = tan⁻¹(−6.93 / 10) = −34.7°
```

म्हणजे मेनचा करंट १२.१७ ॲम्पियर, व्होल्टेजच्या ३४.७° मागे. झालं.

उत्तर आल्यावर दोन गोष्टी नजरेनेच तपासता येतात. एक म्हणजे लांबी ही दोघांच्या वजाबाकीपेक्षा कमी आणि बेरजेपेक्षा जास्त असूच शकत नाही, इथे २ आणि १४ च्या मधेच पाहिजे. दुसरं म्हणजे कोन दोघांच्या मधे पाहिजे आणि मोठ्या करंटच्या बाजूला झुकलेला पाहिजे. इथे ० आणि −६० च्या बरोब्बर मधे −३० आहे, आपलं उत्तर −३४.७, मोटरकडे झुकलेलं, कारण मोटरचा करंट मोठा. बरेच जण कोनांची सरासरी काढून मोकळे होतात, पण ती फक्त दोन्ही करंट सारखे असतील तेव्हाच बरोबर येते.

या आडव्या-उभ्या तुकड्यांना काही अर्थ आहे का, की नुसतं गणित?

अर्थ आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. व्होल्टेज ०° वर ठेवलंय ना, मग आडवा तुकडा म्हणजे करंटचा तो भाग जो व्होल्टेजच्या सोबत चालतो आणि खरी पॉवर देतो. उभा तुकडा सरासरीत काहीच पॉवर देत नाही, पाव सायकल घेतो आणि पाव सायकल परत करतो.

हीटरची पॉवर २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅट. मोटरचा आडवा तुकडा ४, म्हणजे २३० गुणिले ४, ९२० वॅट. एकूण २३०० वॅट. आता मेनकडून बघा, आडवा तुकडा १०, २३० गुणिले १०, परत २३०० वॅट. वॅट सरळ मिळवले तर चालतात, ॲम्पियर सरळ मिळवले तर चालत नाहीत, याचं कारण हेच.

हा पॉवरचा ताळा बेरीज तपासायलाही वापरा. १४ ॲम्पियर धरून बसला असता तर पॉवर आणि करंटचा मेळ बसवताना पॉवर फॅक्टर कुठून आणायचा हेच कळलं नसतं. फेजरने तो आपोआप मिळतो, कोस ३४.७° म्हणजे ०.८२.

शून्य अंश कुठे धरायचा? पुस्तकात कधी व्होल्टेज आडवं असतं, कधी करंट.

कुठेही धरा, तुमची मर्जी. पॅरलल सर्किटमध्ये सगळ्यांना व्होल्टेज एकच असतं म्हणून व्होल्टेज आडवं ठेवणं सोयीचं, सिरीजमध्ये करंट एकच असतो म्हणून तिथे करंट आडवा. करंटची बेरीज आपण पॅरललमध्येच करतो, त्यामुळे इथे व्होल्टेज.

खात्री करायची असेल तर आपलंच उदाहरण मोटरला शून्य धरून करा. मोटर ८ वर ०°, हीटर तिच्या ६०° पुढे. आडवा ८ अधिक ३, ११. उभा ५.२. लांबी परत १२.१७, कोन २५.३°. मोटरपासून २५.३° पुढे म्हणजे व्होल्टेजपासून ३४.७° मागे, तेच उत्तर. सगळं चित्र ६०° ने फिरलं एवढंच. एकदा ठरवलं की मधेच बदलू नका, नाहीतर एका करंटचा कोन व्होल्टेजपासून आणि दुसऱ्याचा पहिल्या करंटपासून असा गोंधळ होतो आणि तो शोधायला जाम वेळ लागतो.

कागदावर काढून केलं तर चालेल का?

चालेल की. १ सेंटिमीटरला १ ॲम्पियर असा स्केल घ्या, ६ सेंटिमीटरची आडवी रेघ काढा, तिच्या टोकावर कोनमापक ठेवून, रेघ पुढे वाढवली असती त्या दिशेपासून खाली ६०° ला ८ सेंटिमीटरची रेघ काढा, आणि सुरुवातीपासून शेवटच्या टोकापर्यंत पट्टी लावा. १२.२ च्या आसपास येईल. कोन अर्ध्या-एक अंशाने चुकतो, पण चिन्हाची मोठी चूक असेल तर चित्रात लगेच दिसते, म्हणून कॅल्क्युलेटरवर करणार असाल तरी आधी हाताने एक कच्चं चित्र काढाच.

एक करंट साइनमध्ये आणि एक कोसमध्ये दिलाय. आता?

आधी दोन्ही एकाच फॉर्ममध्ये आणा, मगच फेजर काढा. कोस हा साइनच्या ९०° पुढे असतो. आणि समोर मायनस असेल तर १८०° मिळवा.

```
cos(ωt + θ) = sin(ωt + θ + 90°)
−sin(ωt + θ) = sin(ωt + θ + 180°)
```

समजा `i1 = 5 sin ωt` आणि `i2 = 5 cos(ωt + 30°)`. दुसरा खरं तर `5 sin(ωt + 120°)` आहे. दोन सारखे करंट १२०° वर, बेरीज ५, कोन ६०°. पण कोस दिसला नाही आणि ३०° तसाच घेतला तर बेरीज येते ९.६६. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि गंमत म्हणजे हा आकडा बघून काही चुकलंय असं वाटतही नाही, कारण तो ० आणि १० च्या मधेच आहे. त्यामुळे वर सांगितलेली नजरेची तपासणी इथे वाचवत नाही, फॉर्म आधीच नीट बघावा लागतो.

लांबी बरोबर येते पण कोन भलताच येतो, कॅल्क्युलेटर खराब आहे का?

कॅल्क्युलेटर बरोबर आहे, त्याला अर्धीच माहिती मिळतेय. टॅन इन्व्हर्सला तुम्ही उभा भागिले आडवा असा एकच आकडा देता, त्यामुळे मायनस वर होता की खाली होता ते त्याला कळत नाही, आणि तो कायम −९०° ते +९०° च्या आतलं उत्तर देतो.

उदाहरण बघा, ४ ॲम्पियर ०° वर आणि १० ॲम्पियर १२०° वर. आडवा ४ वजा ५, म्हणजे −१. उभा ८.६६. लांबी ८.७२. टॅन इन्व्हर्स देतो −८३.४°. पण उभा तुकडा प्लस आहे, म्हणजे बाण वर गेलाय, आणि मायनस ८३ तर खाली जातो. नियम साधा आहे, आडवा तुकडा मायनस असेल तर आलेल्या कोनात १८०° मिळवा. −८३.४ अधिक १८० म्हणजे ९६.६°. हा ० आणि १२० च्या मधे आहे आणि १० वाल्याकडे झुकलेला आहे, जमलं. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर `Pol(` फंक्शन असेल तर `Pol(−1, 8.66)` असं टाका, ते दोन्ही आकडे वेगवेगळे घेतं म्हणून बरोबर कोन देतं.

दुसरी शक्यता म्हणजे कॅल्क्युलेटर रेडियन मोडमध्ये आहे. मोटरचं `8 cos 60` केल्यावर ४ च्या ऐवजी −७.६२ आलं की समजून जा. मागे पडणारा करंट ९०° च्या आत असताना आडवा तुकडा मायनस येऊच शकत नाही.

एक डायरेक्ट फॉर्म्युला असतो ना, कोसवाला? त्यात प्लस की मायनस?

असतो, आणि फक्त लांबी हवी असेल तर पटकन होतो.

```
I² = I1² + I2² + 2·I1·I2·cos φ
```

φ म्हणजे दोन करंटमधला कोन. ३६ अधिक ६४ अधिक २ गुणिले ६ गुणिले ८ गुणिले ०.५, म्हणजे १४८. प्लसच. शाळेत त्रिकोणाचा कोसाइन रूल मायनसचा शिकवला जातो म्हणून लोक अडखळतात, पण तिथला कोन त्रिकोणाच्या आतला असतो. एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडली की आतला कोन १८०° वजा φ होतो, आपल्या केसमध्ये १२०°, आणि त्याचा कोस मायनस असल्यामुळे मायनस-मायनस प्लस होतं. φ शून्य टाकून बघा, ६ अधिक ८ बरोबर १४ आलं पाहिजे. मायनस लावला तर २ येतो, लगेच कळतं.

एकूण करंट एका ब्रांचपेक्षाही कमी दिसतोय! हे शक्य आहे?

एकदम शक्य आहे, आणि कपॅसिटर लावतात ते यासाठीच. इथे आकडे बदलू. समजा एक मोटर १० ॲम्पियर घेते, ५३.१° मागे. तिचे तुकडे, आडवा ६ आणि उभा −८. तिला पॅरलल असा कपॅसिटर लावला की तो ८ ॲम्पियर घेतो. कपॅसिटरचा करंट व्होल्टेजच्या ९०° पुढे, म्हणजे सरळ वर, उभा +८. उभे तुकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो आडवा ६. एका ब्रांचमध्ये १०, दुसऱ्यात ८, आणि मेनमध्ये फक्त ६.

मीटर बिघडलाय असं वाटतं, पण प्रत्येक क्षणाला बघितलं तर कपॅसिटर जेव्हा करंट परत देतोय तेव्हाच मोटर घेतेय, तो हिशोब त्या दोघांच्यातच मिटतो, मेनपर्यंत पोचतच नाही. मोटरच्या स्वतःच्या वायरमध्ये मात्र १० च वाहतात, कपॅसिटर मोटरजवळ लावला तर फक्त मागची वायर हलकी होते.

आता हाच कपॅसिटर दुप्पट केला, १६ ॲम्पियरचा. उभा −८ अधिक १६, +८. आडवा ६. मेनमध्ये परत १० ॲम्पियर! कपॅसिटर अजिबात नसतानाही १० आणि दुप्पट लावल्यावरही १०, नुसत्या ॲम्पियरवरून यातला फरक सांगता येणार नाही. पहिल्यात करंट मागे आहे, दुसऱ्यात पुढे. म्हणून कपॅसिटर बसवताना पॉवर फॅक्टर मीटरही बघावा लागतो, आणि त्यातही तो लीड की लॅग काय लिहितोय ते.

माझ्याकडे फक्त क्लॅम्पमीटर आहे, कोन माहीतच नाही. उलटं करता येईल का?

येईल. दोन्ही ब्रांच आणि मेन, असे तीन रीडिंग घ्या आणि वरचाच फॉर्म्युला उलटा फिरवा.

```
cos φ = (I² − I1² − I2²) / (2·I1·I2)
```

१२.१७ चा वर्ग १४८, त्यातून ३६ आणि ६४ गेले, उरले ४८, भागिले ९६, म्हणजे ०.५, कोन ६०°. एक ब्रांच शुद्ध रेझिस्टन्स असेल, आपल्या हीटरसारखी, तर हा दुसऱ्या ब्रांचचा व्होल्टेजशी असलेला कोन झाला. थ्री ॲमीटर मेथड म्हणतात ती हीच.

पण यात दोन भानगडी आहेत. पहिली, ६०° मागे की ६०° पुढे हे कळत नाही, दोन्हीचा कोस सारखाच. मोटर आहे हे तुम्हाला माहीत आहे म्हणून मागे म्हणता, मीटर ते सांगत नाही. दुसरी, छोटी चूक फुगते. मीटरने १२.१७ च्या जागी १२.४ दाखवलं, म्हणजे २ टक्क्यांची चूक, तर कोन ६०° ऐवजी जवळपास ५६° येतो. साध्या क्लॅम्पमीटरमध्ये २ टक्के चूक ही काही मोठी गोष्ट नाही, त्यामुळे या पद्धतीने आलेला कोन दशांशात लिहू नका. आणि लोड बदलत असेल तर तीनही रीडिंग एकाच वेळची पाहिजेत, नाहीतर कधीकधी कोस φ एकच्या वर जातो आणि कॅल्क्युलेटर एरर देतो, तो एरर म्हणजे रीडिंग परत घ्या.

दोन्ही ब्रांचच्या वायर एकाच क्लॅम्पमध्ये घातल्या तर बेरीज मिळते का?

हो, आणि हा प्रयोग करण्यासारखा आहे. क्लॅम्पमीटर त्याच्या जबड्यातून जाणाऱ्या सगळ्या करंटची क्षणाक्षणाची बेरीज बघतो, म्हणजे फेजरची बेरीज तो स्वतःच करतो. हीटरची आणि मोटरची फेज वायर एकाच दिशेने घातली तर १२.२ दिसेल.

आता एक वायर उलट्या दिशेने घाला. आता दिसेल साधारण ७.२. कारण उलट दिशा म्हणजे तो बाण १८०° फिरवला, आता तुम्ही वजाबाकी करताय. आडवा ६ वजा ४, २. उभा ० वजा −६.९३, म्हणजे +६.९३. लांबी ७.२१. ८ वजा ६ बरोबर २ आलं नाही हेही बघा, वजाबाकीलाही कोन लागतोच.

यावरूनच कळतं की करंटची दिशा आधी ठरवून चित्रावर बाण काढणं का गरजेचं आहे. दोन करंट जंक्शनमध्ये येताहेत असं धरलं तर प्लस, एक येतोय एक जातोय तर मायनस. आणि जाता जाता, पूर्ण केबल क्लॅम्पमध्ये घातली तर शून्याच्या आसपास का दिसतं याचं उत्तरही हेच आहे, फेज आणि न्यूट्रलचे करंट सारखे आणि १८०° वर. शून्याच्या वर जे काही उरतं तो लीकेज.

थ्री फेजमध्ये न्यूट्रलला पण हेच लागू होतं का?

हेच. तिन्ही फेजमध्ये १०-१० ॲम्पियर सारख्याच पॉवर फॅक्टरने असतील तर तीन बाण १२०° वर, बेरीज शून्य. आता एका फेजचा लोड बंद केला. उरले दोन, १० आणि १०, मधे १२०°. फॉर्म्युल्यात टाका, १०० अधिक १०० वजा १००, म्हणजे १००, त्याचं वर्गमूळ १०. न्यूट्रलमध्ये पूर्ण १० ॲम्पियर. लोड कमी केला आणि न्यूट्रलचा करंट शून्यावरून १० वर गेला, सुरुवातीला पचत नाही पण बाण काढले की दोन मिनिटात पटतं.

कॉम्प्लेक्स नंबरने करतात ते वेगळं आहे का?

नाही, लिहायची पद्धत वेगळी. आडव्या तुकड्याला रियल आणि उभ्याला इमॅजिनरी म्हणायचं, समोर j लावायचा, कारण i हे अक्षर करंटला आधीच दिलेलं आहे. ही पद्धत एसी सर्किटमध्ये रुळवली चार्ल्स स्टाइनमेट्झने, १८९३ साली शिकागोच्या इलेक्ट्रिकल काँग्रेसमध्ये त्याने ती मांडली. त्याआधी लोक खरोखर साइन वेव्हची त्रिकोणमिती उलगडत बसायचे. पायथनमध्ये आपलं उदाहरण इतकंच आहे:

```python
import cmath, math
i1 = cmath.rect(6, math.radians(0))
i2 = cmath.rect(8, math.radians(-60))
i = i1 + i2
print(abs(i), math.degrees(cmath.phase(i)))
```

१२.१६५ आणि −३४.७१ छापून येईल. `cmath.phase` दोन्ही तुकड्यांची चिन्हं बघतं, त्यामुळे वरचा टॅन इन्व्हर्सचा घोळ इथे होत नाही. `math.radians` विसरलात तर मात्र रेडियनचा घोळ होणारच.

फ्रीक्वेन्सी वेगळी असेल तर काय होतं? फेजर का चालत नाही?

एक बाण सेकंदाला ५० फेरे आणि दुसरा ६० फेरे फिरतोय असं समजा. त्यांच्यातला कोन सतत बदलतोय, सेकंदात १० वेळा ते एकमेकांवर येतात आणि १० वेळा समोरासमोर जातात. मग फोटो कोणत्या क्षणाचा काढणार? एकच बाण असं उत्तरच नाही, कारण बेरीज ही साइन वेव्हच राहत नाही, ती लहानमोठी होत राहते.

फक्त आरएमएस हवं असेल तर पुरेसा वेळ बघितल्यावर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, ६ आणि ८ चं १०, आणि कोन विचारायचा नाही. हार्मोनिक्सला हेच लागतं. एलईडी ड्रायव्हर किंवा कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा करंट साइन नसतो, त्यात ५० सोबत १५०, २५० हर्ट्झचे भाग असतात. अशा दोन लोडची बेरीज करायची तर प्रत्येक फ्रीक्वेन्सीचे फेजर वेगळे मिळवायचे, ५० चे ५० मध्ये, १५० चे १५० मध्ये, आणि शेवटी वर्गमूळाने एकत्र करायचं. मागच्या न्यूट्रलच्या प्रश्नात याची गंमत दिसते, ५० हर्ट्झला १२०° चा फरक १५० हर्ट्झला ३६०° होतो, म्हणजे तिन्ही फेजचे १५० वाले बाण एकाच दिशेला येतात आणि लोड बॅलन्स असूनही न्यूट्रलमध्ये सरळ मिळतात. न्यूट्रल गरम होतेय आणि तिन्ही फेज सारखे दिसताहेत अशी तक्रार असेल तर आधी इकडे बघा, आणि त्या वेळी ट्रू आरएमएस मीटर वापरा, साधा ॲव्हरेज वाला मीटर अशा करंटला बहुधा कमी दाखवतो.

मोटर चालू करतानाचा करंट पण असाच मिळवायचा का?

नाही. फेजर हे सगळं स्थिर झाल्यानंतरचं चित्र आहे. स्विच टाकल्यावर पहिल्या काही सायकलमध्ये करंटमध्ये एक डीसीसारखा भाग असतो जो हळूहळू मरतो, त्याला एक ठराविक कोन नसतो. त्यानंतर मोटर स्पीड पकडेपर्यंत करंट आणि कोन दोन्ही बदलत राहतात, तिथे दर काही सायकलला नवा फेजर धरून अंदाज घेता येतो, पण ८ ॲम्पियर आणि ६०° हे आकडे मोटर स्पीडला आल्यावरचेच आहेत.